हाउएवर, देअरफोर, ऑल्सो : आधी कोणतं चिन्ह, नंतर कोणतं

प्रश्न : मी भूजल या विषयावर पीएचडीचा प्रबंध इंग्रजीत लिहितोय. शाळा मराठी माध्यमाची. गाईड माझ्या प्रत्येक ‘हाउएवर’, ‘देअरफोर’, ‘ऑल्सो’पाशी लाल खूण करतात. कधी स्वल्पविराम घालतात, कधी काढतात, कधी त्याचा सेमिकोलन करतात. मला त्यात काही पद्धत दिसत नाही. या शब्दांनंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही, आणि सेमिकोलन नेमका कधी?

उत्तर : खुणांमध्ये पद्धत असणार. ती दिसत नाही, कारण तुमची नजर शब्दाच्या नंतरच्या स्वल्पविरामावर आहे आणि गाईडची बहुधा शब्दाच्या आधीच्या चिन्हावर. प्रबंध आणि अहवाल तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते. मराठी माध्यमातून आलेल्या लेखकांच्या इंग्रजीत या जागी दिसणारी चूक इतकी एकसारखी असते, की तिचं मूळ इंग्रजीत नसून आपल्या मराठी व्याकरणाच्या तासात आहे असं मला वाटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते. (इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत; विरामचिन्हं इंग्रजीतलीच समजा.)

मराठीत आपण लिहितो : ‘पाऊस पडत होता, म्हणून मी गेलो नाही.’ इथे ‘म्हणून’ हे उभयान्वयी अव्यय आहे. दोन वाक्यं जोडणं हेच त्याचं काम, त्यामुळे आधी स्वल्पविराम पुरतो. आता हेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘म्हणून’च्या जागी ‘देअरफोर’ बसवलं की होतं : ‘इट वॉज रेनिंग, देअरफोर आय डिड नॉट गो.’ आपल्या कानाला हे बरोबर वाटतं आणि इंग्रजीत ते चूक आहे. कारण ‘देअरफोर’ जोडणारा शब्दच नाही, ते क्रियाविशेषण आहे. ‘हाउएवर’ आणि ‘ऑल्सो’ही तसेच. अर्थाने ते मागच्या वाक्याकडे बोट दाखवतात, पण दोन वाक्यांना बांधून ठेवण्याची ताकद त्यांच्यात नसते. ती ताकद ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’, ‘येट’ अशा मोजक्या शब्दांत आहे. म्हणून ‘इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट गो’ हे चालतं आणि ‘देअरफोर’चं चालत नाही, जरी दोन्हींचा अर्थ एकच असला तरी.

शब्द कोणत्या जातीचा आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तो हलवून बघणं. ‘बट’ आपल्या जागेवरून हलत नाही. ‘आय बट डिड नॉट गो’ असं कुणी म्हणत नाही. ‘हाउएवर’ मात्र वाक्यात कुठेही फिरतो : सुरुवातीला, कर्त्यानंतर, अगदी शेवटीही. ‘आय, हाउएवर, डिड नॉट गो.’ ‘आय डिड नॉट गो, हाउएवर.’ जो शब्द असा फिरतो तो सांधा असू शकत नाही. गंमत म्हणजे मराठीतही असा एक फिरता शब्द आहे, आणि तो मी वरच्या वाक्यात नकळत वापरला : ‘मात्र’. ‘तो गेला. मी मात्र थांबलो.’ ‘हाउएवर’चा सख्खा भाऊ ‘पण’ नव्हे, ‘मात्र’ आहे. (हल्ली बातम्यांमध्ये वाक्याच्या सुरुवातीला ‘मात्र,’ असं स्वल्पविरामासकट येतं. तो ‘हाउएवर’चाच प्रभाव असावा असा मला संशय आहे, आणि मला तो रुचत नाही. पण तो वेगळा विषय.)

आता दुसरी गोम. शाळेत अर्धविरामाचा नियम आपण असा शिकलो : दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असताना पहिल्या वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा. ‘ढग खूप गर्जत होते; पण पाऊस पडत नव्हता.’ मराठीपुरतं ते ठीक. इंग्रजीची रूढी मात्र नेमकी उलटी आहे. तिथे ‘बट’च्या आधी साधा स्वल्पविराम लागतो आणि ‘हाउएवर’च्या आधी सेमिकोलन किंवा पूर्णविराम. आपण शाळेतल्या सवयीने ‘बट’च्या आधी सेमिकोलन देतो, आणि ‘हाउएवर’ला ‘पण’ समजून त्याच्या आधी स्वल्पविराम देतो. म्हणजे दोन्हीकडे चुकतो. तुमच्या गाईडची सेमिकोलनची खूण काही ठिकाणी घालणारी आणि काही ठिकाणी काढणारी असेल, तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे.

एक वाक्य पूर्ण सोडवून बघू. भूजलाच्या प्रबंधात शोभेल असं, आणि तिन्ही शब्द असलेलं :

‘द वेल वॉज डीपन्ड इन मार्च, हाउएवर द वॉटर लेव्हल डिड नॉट राइज, देअरफोर अ सेकंड बोअर वॉज ड्रिल्ड, ऑल्सो द ओल्ड पंप वॉज रिप्लेस्ड.’

यात चार पूर्ण वाक्यं आहेत : विहीर खोल केली, पाणी वर आलं नाही, दुसरी बोअर घेतली, जुना पंप बदलला. प्रत्येकाला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद आहे. प्रत्येक जण पूर्णविराम घेऊन एकटं उभं राहू शकतं. त्यांच्यामध्ये आहेत फक्त तीन स्वल्पविराम. पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवण्याला इंग्रजीत ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात, आणि इथे तो तीनदा झालाय.

आता बऱ्याच जणांची पहिली दुरुस्ती अशी असते : वर्डमध्ये खाली रेघ येते, आपण क्लिक करतो आणि ‘हाउएवर’नंतर स्वल्पविराम पडतो. ‘… इन मार्च, हाउएवर, द वॉटर लेव्हल डिड नॉट राइज.’ रेघ गेली, पण वाक्य आधीपेक्षा जास्त बिघडलं. आधी निदान चूक उघडी दिसत होती. आता दोन्ही बाजूंना स्वल्पविराम आल्यामुळे ‘हाउएवर’ वाक्याच्या मध्ये रीतसर बसल्यासारखा दिसतो, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की तो मागच्या वाक्याचा आहे की पुढच्या.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही, त्याने अर्थ फिरतो. हे बघा : ‘द फर्स्ट स्कीम फेल्ड. द सेकंड सक्सीडेड, हाउएवर, वॉटर यूज वेंट अप.’ यात लेखकाला काय म्हणायचंय? सेमिकोलन ‘हाउएवर’च्या आधी दिला तर : ‘द सेकंड सक्सीडेड; हाउएवर, वॉटर यूज वेंट अप.’ म्हणजे दुसरी योजना जमली, पण पाण्याचा वापर वाढला. वाढलेला वापर ही इथे तक्रार आहे. सेमिकोलन ‘हाउएवर’च्या नंतर दिला तर : ‘द सेकंड सक्सीडेड, हाउएवर; वॉटर यूज वेंट अप.’ म्हणजे पहिली फसली, दुसरी मात्र जमली, आणि पाण्याचा वापर वाढला तो तिच्या यशाचा पुरावा. शब्द तेच, क्रम तोच, निष्कर्ष उलटा. दोन्हीकडे स्वल्पविराम ठेवले तर परीक्षक यातला कुठलाही अर्थ घेऊ शकतो.

आता विहिरीच्या वाक्याकडे परत. चार वाक्यांना तीन सेमिकोलन दिले तर व्याकरण सुधारेल, पण वाक्य वाचवणार नाही. कोणती दोन वाक्यं खरंच एकमेकांना लागून आहेत ते आधी ठरवायला हवं. विहीर खोल करणं आणि तरीही पाणी न वाढणं हा एकच मुद्दा आहे : अपेक्षा आणि तिचा भंग. तिथे सेमिकोलन शोभतो. बोअर घेणं हा पुढचा निर्णय, तिथे पूर्णविराम. बोअर आणि पंप या एकाच टप्प्यातल्या दोन कृती, त्यांना साधा ‘अँड’ पुरे. मी असं करीन :

‘द वेल वॉज डीपन्ड इन मार्च; हाउएवर, द वॉटर लेव्हल डिड नॉट राइज. अ सेकंड बोअर वॉज देअरफोर ड्रिल्ड, अँड द ओल्ड पंप वॉज ऑल्सो रिप्लेस्ड.’

यात ‘देअरफोर’ आणि ‘ऑल्सो’ वाक्याच्या तोंडावरून काढून क्रियापदात सरकवले आहेत. तिथे त्यांना एकही स्वल्पविराम लागत नाही. ‘इट इज देअरफोर क्लिअर’ असं सरळ लिहिता येतं. ‘इट इज, देअरफोर, क्लिअर’ हेही चूक नाही, पण वाचणाऱ्याला दोन धक्के बसतात. चूक आहे ती एकच स्वल्पविराम देण्यात : ‘इट इज, देअरफोर क्लिअर’. मध्ये बसलेल्या शब्दाला स्वल्पविराम द्यायचे तर दोन, नाहीतर एकही नाही. ‘हाउएवर’ मात्र मध्ये असला की दोन्ही लागतातच.

आता तुमचा मूळ प्रश्न, शब्दानंतरच्या स्वल्पविरामाचा. तिन्ही शब्दांचा स्वभाव सारखा नाही, त्यामुळे तिघांना मिळून एकच नियम सांगता येत नाही.

‘हाउएवर’ वाक्याच्या सुरुवातीला आला आणि अर्थ ‘मात्र, तरीही’ असा असला, की नंतर स्वल्पविराम हवाच. कारण स्वल्पविराम नसलेल्या ‘हाउएवर’चा अर्थ वेगळा होतो : ‘कितीही’ किंवा ‘कसंही’. ‘हाउएवर डीप द वेल, इट ड्राइज बाय एप्रिल’ म्हणजे विहीर कितीही खोल असो, एप्रिलपर्यंत ती आटते. ‘हाउएवर द फार्मर्स इरिगेट, द यील्ड रिमेन्स लो’ म्हणजे शेतकऱ्यांनी कसंही पाणी दिलं तरी उत्पादन कमीच. आता समजा तुम्हाला म्हणायचंय ‘मात्र शेतकरी रात्री पाणी देतात’ आणि तुम्ही स्वल्पविराम गाळून लिहिलंत ‘हाउएवर द फार्मर्स इरिगेट अ‍ॅट नाइट’. वाचणारा ‘कसंही पाणी दिलं तरी…’ असं वाचत जातो, पुढच्या भागाची वाट बघतो आणि मध्येच पूर्णविरामावर आपटतो.

‘देअरफोर’ला असा दुसरा अर्थ नाही, म्हणून तिथे सूट आहे. ‘देअरफोर, द साइट वॉज रिजेक्टेड’ आणि ‘देअरफोर द साइट वॉज रिजेक्टेड’ ही दोन्ही वाक्यं चालतात. वाक्य छोटं असेल तर मी गाळते, लांब असेल तर ठेवते. सेमिकोलननंतर आला तर बहुतेक संपादक स्वल्पविराम ठेवतात. प्रबंधात मात्र एक पद्धत धरून तीच शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर परीक्षकाला तो निष्काळजीपणा वाटतो. ‘अँड देअरफोर’ असं जोडून आलं तर आजूबाजूला काहीच नको : ‘द सॅम्पल वॉज कंटॅमिनेटेड अँड देअरफोर डिस्कार्डेड.’ ‘दस’ आणि ‘हेन्स’ हे आणखी हलके शब्द आहेत, त्यांच्यानंतर स्वल्पविराम अनेकदा नसतोच. ‘हेन्स द डिले’ अशा क्रियापद नसलेल्या तुकड्यात तर तो चुकीचाच दिसतो.

‘ऑल्सो’ने वाक्य सुरू केलंत आणि त्यानंतर नेहमीसारखा कर्ता आला, तर स्वल्पविराम द्या : ‘ऑल्सो, द पाइप वॉज लीकिंग.’ पण प्रबंधात अशी सुरुवात मला आवडत नाही. बोलता बोलता काहीतरी आठवलं आणि जोडून टाकलं, असा तिचा सूर असतो. ‘द पाइप वॉज ऑल्सो लीकिंग’ लिहा. याच कारणाने ‘ऑल्सो’च्या आधी सेमिकोलनही मी क्वचितच ठेवते : व्याकरणात बसतो, पण एवढ्या हलक्या शब्दासाठी एवढं भारदस्त चिन्ह विचित्र दिसतं. एका रचनेत मात्र ‘ऑल्सो’नंतर स्वल्पविराम अजिबात चालत नाही. ‘ऑल्सो अटॅच्ड आर द मॅप्स’, ‘ऑल्सो प्रेझेंट वेअर टू व्हिलेजर्स’. इथे क्रम उलटा केलेला आहे. ‘ऑल्सो’ नुसतं ‘अटॅच्ड’ या शब्दाला चिकटलेलं आहे, साऱ्या वाक्याला नाही. सरसकट स्वल्पविराम देणाऱ्यांचा हात कचेरीतल्या इंग्रजी ईमेलमध्ये नेमका इथेच घसरतो.

सेमिकोलनबद्दल आणखी थोडं. तो देण्याआधी हाताने दोन्ही बाजू झाकून बघा. डावी बाजू पूर्णविराम घेऊन एकटी उभी राहते का? उजवी राहते का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ‘हाउएवर’च्या आधी सेमिकोलन. या चाचणीत सर्वांत जास्त वेळा नापास होतं ते आपलं ‘जरी–तरी’. मराठीत ‘जरी विहीर खोल केली, तरी पाणी वाढलं नाही’ यात दोन्ही शब्द लागतात. त्याच साच्यातून ‘ऑल्दो द वेल वॉज डीपन्ड; हाउएवर, द लेव्हल डिड नॉट राइज’ असं वाक्य निघतं. ‘ऑल्दो द वेल वॉज डीपन्ड’ एवढंच झाकून वाचा : ते लटकतं, म्हणून सेमिकोलन बाद. आणि विरोध ‘ऑल्दो’ने एकदा सांगितलाय, म्हणून ‘हाउएवर’ही बाद. ‘ऑल्दो द वेल वॉज डीपन्ड, द लेव्हल डिड नॉट राइज.’ इथे साधा स्वल्पविराम, बस. ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’चंही तेच : ‘सिन्स द सॅम्पल्स वेअर फ्यू, देअरफोर…’ यातला ‘देअरफोर’ काढा. राजपत्रातल्या इंग्रजी अधिसूचनांमध्ये ‘व्हेअरअ‍ॅज …, नाऊ, देअरफोर, …’ असा साचा दिसतो, त्यावरून ही जोडी बरोबर आहे असं काहींना वाटतं. तो कायद्याच्या भाषेचा जुना साचा आहे, प्रबंधात आणू नका.

आणि दोन्ही बाजू उभ्या राहिल्या तरी सेमिकोलनच द्यायला हवा असं नाही, पूर्णविराम कायम खुला असतो. माझी पसंती अशी : दोन्ही वाक्यं छोटी आणि दुसरं पहिल्याचा थेट परिणाम किंवा भंग असेल, तर सेमिकोलन. कुठलीही बाजू दोन ओळींपलीकडे गेली, किंवा ‘हाउएवर’पासून नवा युक्तिवाद सुरू होत असेल, तर पूर्णविराम. विरोध स्वतःच स्पष्ट असेल तर शब्दच उडवा : ‘द पंप वर्क्ड; द पाइप लीक्ड.’ इथे ‘हाउएवर’ने काहीही भर पडत नाही. सेमिकोलननंतर पहिलं अक्षर लहान लिपीतलं, कारण वाक्य अजून चालू आहे. पूर्णविरामाचा सेमिकोलन करताना मोठा एच तसाच राहून जातो, तो तेवढा बघा.

‘बट’च्या आधी सेमिकोलन इंग्रजीत कधीच नसतो असं नाही. डाव्या बाजूत आधीच यादी असेल, म्हणजे ‘आर्सेनिक, फ्लोराइड, अँड नायट्रेट’ असे स्वल्पविराम येऊन गेले असतील, तर ‘बट’पाशी सेमिकोलन दिल्याने मोठा सांधा कुठे आहे ते कळतं. तो अपवाद आहे. ‘बट’च्या नंतर मात्र स्वल्पविराम नको. ‘बट, द लेव्हल…’ आणि त्याहून वाईट ‘ऑल्दो, द लेव्हल…’ हे आपल्या बोलण्यातल्या थांब्यातून आलेलं आहे. ‘पण’ म्हणून आपण दम घेतो, तो कागदावर उतरतो.

आता तयार प्रबंधाचं काय? सगळा वाचत बसू नका, `Ctrl+F` लावा आणि एकेक करून हे शोधा :

```
, however
, therefore
, also
```

पहिल्या दोघांच्या प्रत्येक जागी डावीकडे आणि उजवीकडे पूर्णविरामापर्यंत वाचा. दोन्ही बाजू उभ्या राहत असतील तर आधीचा स्वल्पविराम चुकलाय : सेमिकोलन किंवा पूर्णविराम करा. तसं नसेल तर शब्द वाक्याच्या मध्ये किंवा शेवटी आहे : मध्ये असेल तर दुसरा स्वल्पविराम आहे की नाही ते बघून पुढे जा. तिसऱ्या शोधात `, also known as` किंवा `, also called` असे तुकडे निघतील, ते बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका. बाकीचे बहुतेक स्प्लाइसच असतील. तिथे ‘अँड’ घालून ‘ऑल्सो’ क्रियापदाजवळ सरकवा.

मग आणखी एक शोध : `However` मोठ्या एचने, पुढे एक स्पेस, आणि ‘मॅच केस’ चालू. स्वल्पविराम राहून गेलेली वाक्यं यात सापडतील. इथे ‘रिप्लेस ऑल’ करू नका, कारण ‘हाउएवर डीप द वेल’सारखी वाक्यंही याच यादीत येतात आणि त्यांच्यात स्वल्पविराम पडला तर बरोबर असलेलं बिघडेल.